आय अ‍ॅम फाईन

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं आणि पहिल्यांदा आठवले ते आपले इंग्रजीचे सर. नाव लिहायची गरज नाही, शेवटच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांना कळलं असेल. मला सरांनी 'वुड' हा शब्द फळ्यावर एवढ्या वेळा लिहायला लावला की खडू संपला, पण तो शब्द नक्की कशाला लागतो ते माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. ते शिरलं शाळा सुटल्यावर, हॉटेलात वेटर म्हणून लागलो तेव्हा, आणि तेही एका परदेशी बाईंमुळे.

त्या आमच्याकडे तीन आठवडे राहायला होत्या, वयस्कर, रोज सकाळी सातला खिडकीजवळच्या टेबलावर. मी नवा, त्यामुळे सकाळची शिफ्ट माझ्याच गळ्यात. पहिल्या दिवशी त्यांचा कप अर्धा झालेला दिसला म्हणून मी किटली घेऊन गेलो आणि म्हटलं, "मोअर कॉफी, मॅडम?" त्या म्हणाल्या, "आय अ‍ॅम फाईन, थँक यू." मला वाटलं बाई आपली तब्येत सांगतायत, मी पण ऐटीत म्हटलं "आय अ‍ॅम ऑल्सो फाईन" आणि कप काठोकाठ भरला, थोडी बशीत पण सांडली. आमचे कॅप्टन, म्हणजे वेटरांचे प्रमुख, लांबून डोळे वटारत होते. बाई हसल्या नाहीत, त्यांनी टिश्यूने बशी पुसली आणि माझ्याकडून पेन मागून घेतलं.

दुसऱ्या एका टिश्यूवर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं आणि सावकाश वाचून दाखवलं. कोणी 'हाऊ आर यू' विचारलं तर 'फाईन' म्हणजे बरा आहे, पण आपण काही देऊ केलं आणि समोरचा 'आय अ‍ॅम फाईन' म्हणाला तर त्याचा अर्थ नको, आहे तेवढं पुरे. वर त्यांनी तळहात कपावर ठेवून दाखवला, म्हणजे शब्द नाही कळला तरी हात बघ.

त्यानंतर रोज एक वाक्य. जास्त नाही, एकच, आणि आदल्या दिवशीचं म्हणून दाखवल्याशिवाय नवीन नाही. चुकलो तर तिथल्या तिथे टोकायच्या नाहीत, बाकीची टेबलं रिकामी होईपर्यंत थांबायच्या.

सगळ्यात जास्त घोळ मी साखरेवर घातला. मी विचारलं "नो शुगर?" त्या म्हणाल्या "नो". आता आपण मराठीत 'साखर नको ना?' असं विचारलं की ज्याला नको तो 'हो, नको' म्हणतो, म्हणून मला वाटलं बाई नाही म्हणतायत म्हणजे यांना साखर हवीये, आणि मी साखरेचं भांडं आणून पुढ्यात ठेवलं, दोन दिवस लागोपाठ! तिसऱ्या दिवशी त्यांनी समजावलं की इंग्रजीत प्रश्न कसाही फिरवून विचारला तरी नको असेल तर उत्तर 'नो'च येणार, मग तू प्रश्नात 'नो' घालूच नकोस, सरळ विचार, "वुड यू लाईक शुगर?" येस आलं तर आण, नो आलं तर आणू नको.

वुड! मी तिथेच उभ्या उभ्या सरांना नमस्कार केला. सरांनी खरं तर सांगितलं होतं की वुड हा नुसता विलचा भूतकाळ नाही, अदबीने विचारायला पण वापरतात, मी तेव्हा खिडकीतून मैदानाकडे बघत असणार. तोपर्यंत मी गेस्टना "यू वॉन्ट सूप?" असं विचारायचो, ते अंगावर गेल्यासारखं वाटतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

अजून एक सवय त्यांनी मोडली. कळलं नाही तरी मी मान हलवून "येस मॅडम" म्हणायचो आणि किचनमध्ये अंदाजाने ऑर्डर सांगायचो. नवीन पोरं अजून हेच करतात आणि चुकीची प्लेट परत आली की किचनवर ढकलतात. बाईंनी सांगितलं, "सॉरी, कुड यू से दॅट अगेन?" म्हणायचं, आणि ऑर्डर घेतली की ती गेस्टला परत वाचून दाखवायची. पाठ केलेली वाक्यं बोलता येतात पण समोरचा भरभर बोलला की कान मागे पडतात, तिथे हे वाक्यच वाचवतं. मला फोनवरचं इंग्रजी अजूनही नीट झेपत नाही, तिथे हात पण दिसत नाहीत ना.

जायच्या दिवशी मी विचारलं, "वुड यू लाईक सम मोअर कॉफी?" एका कपाच्या वर कधी न घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "येस, प्लीज." आणि पूर्ण प्यायल्या.

आज मी रेस्टॉरंट मॅनेजर आहे, हाताखाली चौदा जण आहेत. शाळेत आता म्हणे फळे जाऊन स्क्रीन आलेत, मग उभं करून शंभरदा लिहायला कसं लावणार कोण जाणे. सर कार्यक्रमाला येणार आहेत असं पत्रात वाचलं. चहापानाला किटली मी घेणार, सरांना वुड लावून विचारणार, आणि ते फाईन म्हणाले तर या वेळी ओतणार नाही.