माझा अनुभव: दोन आयसोथर्मवरून आयसोस्टेरिक उष्णता काढताना

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला माझ्याकडे नारळाच्या करवंटीपासून केलेला सक्रिय कोळसा होता. त्यावर कार्बन डायऑक्साइड किती चिकटतो हे २७३ आणि २९८ केल्विनला मोजायचं आणि त्या दोन आयसोथर्मवरून अधिशोषणाची आयसोस्टेरिक उष्णता काढायची, एवढंच काम. आयसोथर्म म्हणजे एका तापमानाला दाबानुसार किती वायू चिकटतो त्याचा वक्र, आणि आयसोस्टेरिक उष्णता म्हणजे चिकटलेलं प्रमाण तेवढंच धरून काढलेली चिकटण्याची उष्णता. सूत्र एका ओळीचं आहे, पण त्यात कुठले आकडे घालायचे आणि आलेल्या उत्तरावर कुठपर्यंत विसंबायचं, यातच माझा बराचसा वेळ गेला.

सूत्र क्लॉशियस-क्लॅपेरॉनचं:

```
ln(p2/p1) = (Qst/R) (1/T1 - 1/T2)
```

यात Qst ही आपल्याला हवी असलेली उष्णता, R वायुस्थिरांक, आणि p1 व p2 हे T1 व T2 तापमानांना एकाच लोडिंगचे दाब असतात. म्हणजे दर ग्रॅम कोळशावर वायूचे तेवढेच रेणू बसवायला थंड तापमानाला किती दाब लागला आणि उबदार तापमानाला किती, हे बघायचं. उपकरण मात्र आपल्याला उलटं देतं: ठरावीक दाबांना किती वायू चिकटला ते. त्यामुळे आलेखावर उभी रेघ मारून काही हाती लागत नाही. आडवी रेघ मारायची आणि ती दोन्ही वक्रांना कुठे छेदते ते वाचायचं.

१ मिलिमोल प्रति ग्रॅमचंच उदाहरण घेते. २७३ केल्विनच्या आयसोथर्मवर १० किलोपास्कलला ०.८८ आणि १५ किलोपास्कलला १.१७ असे लगतचे बिंदू होते. त्यांच्यामध्ये सरळ रेघ धरली तर १ मिलिमोलसाठी १२.०७ किलोपास्कल येतात. वक्र तिथे वरच्या बाजूला फुगलेला असतो, म्हणून खरा दाब किंचित कमी. वक्र बसवून तो १२.० आला. २९८ केल्विनला तेवढ्याच लोडिंगसाठी ३०.० लागले. गुणोत्तर २.५, त्याचा नैसर्गिक लॉग ०.९१६. या दोन तापमानांसाठी, नेमके २७३.१५ आणि २९८.१५ केल्विन धरून, R भागिले तापमानांचा कंस ही किंमत २७.०८ किलोज्यूल प्रति मोल येते. ती एकदाच काढून वहीत लिहून ठेवली की पुढे नुसतं गुणायचं. उत्तर आलं २४.८ किलोज्यूल प्रति मोल. शून्य अंश सेल्सियसला कार्बन डायऑक्साइडची द्रवीकरणाची उष्णता साधारण १० आहे. म्हणजे आपला आकडा त्याच्या दुपटीहून जास्त, पण रासायनिक बंध म्हणावा एवढा मोठा नाही. भौतिक अधिशोषणाला शोभेल असाच.

हाच हिशेब ०.५ मिलिमोलला केला तर २७.३ येतात आणि २ मिलिमोलला २३.३. सुरुवातीचे रेणू अगदी अरुंद छिद्रांत जातात, तिथे दोन्ही बाजूंच्या भिंती त्यांना ओढतात. त्या जागा भरल्यावर उरलेल्यांना सैल जागा मिळतात. म्हणून हा उतार मला पटला. २.२ च्या पुढे मात्र मी गेले नाही. २७३ चा वक्र एका बारला बराच वर पोचतो, पण २९८ चा तिथे २.२ लाच संपतो. जिथे दोन्ही वक्रांवर मोजलेले बिंदू नाहीत, तिथली उष्णता म्हणजे नुसता अंदाज.

खरी गंमत अगदी कमी लोडिंगला होती. ०.०५ मिलिमोलला उत्तर एकदम ३६ च्या वर उसळलं. दिसायला ते फार आकर्षक होतं, कारण पृष्ठभागावर काही खास जोरदार जागा आहेत असं त्यावरून सहज म्हणता आलं असतं. पण उसळी फक्त १ किलोपास्कलच्या आसपासच्या दाबांनाच होती, म्हणून मी आधी दाबमापकाकडे वळले. पूर्ण निर्वातात तो शून्याऐवजी उणे ०.१० दाखवत होता. या लोडिंगला वाचलेले दाब ०.२५ आणि ०.९६ होते, खरे निघाले ०.३५ आणि १.०६. गुणोत्तर ३.८४ वरून ३.०३ वर आलं आणि उष्णता ३६.४ वरून ३०.० वर. तीच ०.१० ची तूट १ मिलिमोलच्या आकड्यात जेमतेम ०.१५ किलोज्यूलचा फरक पाडते. (वर दिलेले सगळे दाब ही दुरुस्ती करूनच दिले आहेत.) तेव्हापासून आलेखाच्या डाव्या टोकाला उंच शेपूट दिसलं की मी आधी निर्वातातलं वाचन विचारते.

तापमानाचंही तसंच. २५ अंशांच्या पाण्यात नळी खरोखर २४ वर असेल, तर २४.८ च्या जागी २५.८ यायला हवेत, म्हणजे एका अंशामागे चार टक्के. बर्फाच्या बाजूला काळजी कमी, कारण बर्फ आणि पाणी दोन्ही शिल्लक असेतो तापमान हलत नाही. फक्त नमुना पातळीच्या खाली बुडालेला हवा. नमुन्याच्या वजनातली चूक त्या मानाने सौम्य असते. ती दोन्ही आयसोथर्मना सारखीच लागते, त्यामुळे लोडिंगनुसार काढलेला उष्णतेचा वक्र आडवा सरकतो, पण उष्णतेची किंमत बिघडत नाही. अर्थात नमुना तोच, नळी तीच आणि दोन मोजण्यांच्या मध्ये डीगॅसिंगही सारखंच हवं. एका वेळी थोडी ओल राहिली की हा आधार गेला.

वक्र कोणता बसवायचा, यानेही उत्तर ठरतं, आणि ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. साधं लँगम्युअर समीकरण घेऊन दोन्ही तापमानांना एकच संपृक्त क्षमता दिली, तर दाबांचं गुणोत्तर लोडिंगवर अवलंबूनच राहत नाही. उष्णतेची सपाट रेघ येते, पण ती समीकरणातून आलेली असते, कोळशातून नव्हे. दोन तापमानांना वेगवेगळी क्षमता घेतली तर वरच्या टोकाला रेघ मनमानी वर किंवा खाली वळते. मी शेवटी दोन्ही आयसोथर्म एकत्र धरून व्हिरियल समीकरण बसवलं:

```
ln p = ln N + (1/T) Σ ai N^i + Σ bi N^i
Qst = -R Σ ai N^i
```

यात N म्हणजे लोडिंग, आणि ai, bi हे वक्र बसवताना मिळणारे गुणांक. त्याचं उत्तर मी आडव्या रेघेने हाती काढलेल्या आकड्यांशी जागोजागी ताडून पाहिलं. शून्य लोडिंगची किंमत हे समीकरण हसतमुखाने देतं, पण सर्वांत खालच्या मोजलेल्या बिंदूच्या अलीकडे मी ती वापरली नाही.

आकडे दाखवल्यावर मॅडमनी एकच विचारलं, "दोन बिंदूंतून रेघ जातेच गं, ती सरळ आहे हे कशावरून?" बरोबर होतं. उष्णता या पट्ट्यात तापमानाने बदलत नाही, हे आपण गृहीतच धरलेलं असतं. म्हणून ३१३ केल्विनला तिसरा आयसोथर्म घेतला. आधीच्या २४.८ वरून तिथे १ मिलिमोलसाठी सुमारे ४८.५ किलोपास्कल लागायला हवे होते. मोजले तेव्हा ४७.६ आले. २९८ आणि ३१३ एवढीच जोडी घेतली तर उष्णता २३.९ निघते, पण पंधराच अंशांच्या अंतरात दाबांच्या गुणोत्तरातली एक टक्क्याची चूक अर्धा किलोज्यूल खाते, त्यामुळे या फरकातून तापमानाचा परिणाम सिद्ध होत नाही. तिन्ही बिंदूंतून काढलेल्या रेघेने २४.५ दिले, आणि प्रबंधात मी तोच आकडा लिहिला, एक किलोज्यूल इकडेतिकडे धरून.