गाय कुणाची?

आज संध्याकाळी शिरोलीजवळ हायवेवर दुभाजकातनं गाय आडवी आली. पुढच्यानं करकचून ब्रेक मारला, मी मागनं धडकलो. गायीसकट सगळे सुखरूप, माझा रेडिएटर मात्र फुटला.

अंतर न ठेवल्याबद्दल चूक मागच्याची, म्हणजे माझीच. त्याचा बंपर माझ्या थर्ड पार्टी विम्यातनं भरून निघंल. माझ्या गाडीला मात्र छदाम नाही, कारण चार पैसे वाचवायला फुल इन्शुरन्स घेतलाच नव्हता!

राहिला गायीचा मालक. दूध काढायला मालक असतोय, भरपाई म्हटलं की गाय देवाची. पण कानात पिवळा बिल्ला होता, 12 आकडी. फोटो काढलाय. पोलिसांना पंचनाम्यात तो नंबर लिहायला लावला. त्यावरनं नोंदलेला मालक सापडला, तर निष्काळजीपणाचा दावा लावता येतोय. उद्या वकिलाकडं.