लाईट गेली आणि अण्णा बोलू लागले

मंगळवार, रात्री साडेदहा

दिवसभर अंगाची लाही झाली. संध्याकाळी अक्कलकोटकडनं काळं आभाळ आलं, धुळीचा लोट उठला, चार टपोरे थेंब पडले आणि लाईट गेली. हे रात्रपाळीला गेलेले. घरात मी, सासरे आणि ओम. सासऱ्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो. ओम अकरावीत आहे. सुट्टीत त्याचा दिवस मोबाईलवर जातो आणि अण्णांचा खिडकीपाशी. दोघांचं भांडण नाही, पण "जेवलास का" आणि "हो" याच्यापुढं बोलणं जात नाही.

पंखा थांबला तसं खाटेवरून अण्णा म्हणाले, "गेली. आता कुणाचा तरी धोटा मधेच अडकला असणार."

कुणाला उद्देशून बोलले नव्हते ते. पण मोबाईलची बॅटरी संपत आलेली, नेट गेलेलं. ओमनं विचारलं, "धोटा म्हणजे काय ओ अण्णा?"

मी भाकरी थापत होते. पुढचा तासभर तव्याकडं निम्मंच लक्ष होतं माझं.

अण्णांनी आयुष्यभर चादरीचे माग चालवले, हे ओमला माहीत होतं. पण आपले वडील बँकेत आहेत हे एखाद्या मुलाला माहीत असावं, तेवढंच. अण्णांनी त्याला अंथरुणावरची चादर ओढायला सांगितली. लाल-पांढरी, जुनी, साठ बाय नव्वद इंची. "रंगाची जागा सोड. नुसत्या पांढऱ्यावर दोन बोटांनी चिमटा घे आणि चोळ." ओमनं चोळलं आणि ओरडलाच, "दोन कापडं आहेत!"

खरंच दोन असतात. एकावर एक, एकाच वेळी विणलेली. वरचं पांढरं, खालचं लाल. जिथं फूल काढायचं तिथं खालचं लाल वर येतं आणि पांढरं खाली जातं. म्हणून पाठीमागं तेच फूल पांढरं आणि जमीन लाल दिसते. या अदलाबदलीनंच दोन्ही कापडं एकमेकांत गुंततात. वेगळी शिवण नसते. इतकी वर्षं मी या चादरी धुतेय, वाळत घालतेय, आणि हे आज ऐकलं.

मग धोटा. दोन्ही टोकांना निमुळता लाकडी तुकडा, पोटात आडव्या सुताची कांडी. उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात. ताण्याचे काही धागे वर उचलले जातात, काही खाली राहतात, मधे फट पडते, त्या फटीतून धोटा इकडून तिकडं जातो. कुठले धागे उचलायचे ते वर बसवलेलं जॅकार्ड ठरवतं. त्यावर पुठ्ठ्यांची लांब माळ असते. पुठ्ठ्याला भोक असेल तिथला धागा वर, नसेल तिथला खाली. एका आडव्या धाग्याला एक पुठ्ठा. एक धागा वरच्या कापडाला गेला की पुढचा खालच्या.

"इंचाला चाळीस धागे धर," अण्णा म्हणाले. "नव्वद इंचाला किती?"

ओमनं तोंडी हिशेब केला. "तीन हजार सहाशे."

"मिनिटाला शंभर धर."

"छत्तीस मिनिटं."

"माग एकदाही थांबला नाही तर. कांडी संपते, धागा तुटतो. आणि ही अशी लाईट जाते."

इथं अण्णांचा आवाज बदलला. इतके सरळ, न अडखळता बोलताना मी त्यांना फार दिवसांनी ऐकलं.

लाईट गेली की माग एकदम थांबत नाही. चाक जडशीळ, ते आपल्या ओघात थोडं फिरतं आणि कुठंही उभं राहतं. धोटा फटीच्या मध्यावर असू शकतो. म्हणून पहिलं काम, बटण बंद करणं. नाहीतर लाईट आली की माग आपोआप सुरू होतो आणि आडवा धागा ठोकून बसवणारी फणी त्या मधल्या धोट्याला दाबते. ताण्याचे शेकडो धागे एका दणक्यात तुटतात. ते जोडण्यात पाळी जाते. बटण बंद केल्यावर चाक हातानं फिरवून धोटा मागाच्या कडेच्या पेटीत आणायचा. मग ताण्याचा ताण ढिला करायचा, कारण ताणलेलं सूत तासभर तसंच राहिलं तर सैलावतं. पुन्हा चालू केल्यावर तिथं आडवी रेघ उमटते.

"आणि पुठ्ठा?" ओमनं विचारलं. हा प्रश्न त्याला आपोआप सुचला, याचं मला फार बरं वाटलं.

"तेच तर खरं काम!" चाक ओघात फिरताना पुठ्ठा पुढं सरकलेला असतो, पण धागा गेलेला नसतो. तसंच चालू केलं तर वरच्या कापडाचा धागा खालच्यात जातो आणि फुलात भलत्याच रंगाची रेघ येते. म्हणून शेवटचे दोन-चार धागे काढायचे, आणि जेवढे धागे काढले तेवढी माळ मोजून मागं घ्यायची, सरकलेल्या पुठ्ठ्यासकट. अण्णा हवेत बोटं सरकवत मोजू लागले, "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगु..."

ओमचं तोंड उघडंच राहिलं. "अण्णा, तुम्हाला तेलुगू येतं?"

शेजारच्या मागावर पद्मशाली घरातले एक कारागीर होते, त्यांनी शिकवलं. भारनियमनाच्या काळात दोघं कारखान्याच्या पायरीवर बसायचे. मजुरी नगावर. जेवढ्या चादरी उतरल्या तेवढे पैसे, अंधारातल्या तासांचे काही नाही. अण्णा हे शांतपणे सांगत होते. मला मात्र ऐकताना राग आला आणि अजूनही आहे. लाईट कारागिरानं घालवली नव्हती, पण रेघ पडली की चादर त्याच्याच नावावर खराब म्हणून लागायची.

"ही चादर त्यातलीच," अण्णा म्हणाले. ओमनं टॉर्च लावायला मोबाईल उचलला तर म्हणाले, "उजेड नको, बोट फिरव. पायाकडनं वर ये." ओमचं बोट फिरत गेलं आणि वीतभर वर थांबलं. तिथं आधी किंचित विरळ लागतं आणि लगेच दाट. माग सुरू होताना मोटर वेग धरेपर्यंत फणीचे पहिले ठोके हलके बसतात, धागे लांब-लांब पडतात, ते विरळ. विरळ पडेल म्हणून कारागीर आधीच कापड थोडं मागं घेतो, जास्त घेतलं की दाट. हलकी रेघ दोन-तीन धुण्यांत मिटते. ही मिटली नाही. कमी किमतीत कारागिरालाच घ्यायला लावली, तशी ती आमच्या घरी आली.

"तुमच्या हातून?"

"माझ्या हातून. लाईट एका संध्याकाळी तीनदा गेली होती."

लाईट कधी आली ते नीट सांगता येणार नाही. मी कोरड्यास गरम करत होते. जेवताना शेंगा चटणी वाढली, तेव्हाही ओमचं चालूच होतं. पुठ्ठ्यांना भोकं कोण पाडतं? आधी आलेख कागदावर चौकोन भरून नक्षी काढतात, मग त्यावरून भोकं. पुठ्ठा फाटला तर? तेवढाच नवा करून ओवायचा.

साखर पेठेत अण्णांच्या ओळखीच्या एकाकडं धोट्याचे माग अजून चालू आहेत. परवा सकाळी दोघं जाणार. अण्णांनी दोन अटी घातल्यात: सैल बाह्यांचा शर्ट नको, पट्ट्यात ओढला जातो, आणि धोट्याच्या पेटीसमोर उभं राहायचं नाही, उडाला तर डोळा जातो. ओमनं विचारलं, मोबाईल आणू का, शूटिंग करायला. अण्णा म्हणाले, आण, पण आधी कान देऊन ऐक. माग बिघडायला लागला की पहिल्यांदा आवाजच बदलतो.