कंबर तलावावरचा अर्धा सेकंद

मागच्या वेळी लिहिलं होतं की रेकॉर्डर आता २५० किलोहर्ट्झला लावलाय, म्हणजे १२५ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडता येतो. त्याआधी मोबाइलवर केलेली दोन आठवड्यांची मेहनत वायाच गेली होती. मोबाइल २४ च्या वरचं काही नोंदवतच नव्हता आणि आपल्या पाकोळ्या, म्हणजे छोटी वटवाघळं, ओरडतात ४० च्या आसपास. आता सोलापूरच्या कंबर तलावाच्या काठावर संध्याकाळी पाऊण तास उभा राहतो, घरी येऊन रेकॉर्डिंग दहापट हळू करतो आणि ऐकतो.

हळू केलं की पहिल्यांदा येतो तो निवांत टप्‌... टप्‌... टप्‌. मग एकदम वेग वाढतो आणि शेवटी नुसता खर्रर्र. लहानपण पूर्व भागात यंत्रमागांच्या आवाजात गेलं, त्यामुळे ठोक्यांमधलं अंतर कानाला लगेच कळतं. हा खर्रर्र म्हणजे भक्ष्यावर झेप. पिपिस्ट्रेल गटातलं वटवाघूळ आहे एवढंच मी लिहितो. नेमकी जात निव्वळ आवाजावरून सांगायला जाऊ नये, एकच प्राणी मोकळ्यावर आणि झाडांच्या गर्दीत वेगळं ओरडतो.

मंगळवारची एक झेप मी मिलिसेकंद मोजून उलगडली. हवा २८ अंश होती, म्हणजे आवाज सेकंदाला साधारण ३४८ मीटर जातो. वटवाघूळ हाक देतं आणि किड्यावर आपटून येणाऱ्या प्रतिध्वनीवरून तो किती लांब आहे ते ओळखतं. आवाजाला जाऊन परत यायचं असतं, म्हणून एक मिलिसेकंद उशीर म्हणजे किडा साडेसतरा सेंटीमीटर लांब. सगळा हिशेब या एका आकड्यावर चालतो.

सुरुवातीला दोन हाकांमध्ये ९० मिलिसेकंद आणि प्रत्येक हाक ६ मिलिसेकंदांची. आता किडा दोन मीटरवर असेल तर प्रतिध्वनी साडेअकरा मिलिसेकंदांनी येईल, तोवर हाक संपलेली असते, ऐकायला शांतता असते. पण किडा एक मीटरवर आला की प्रतिध्वनी पावणेसहा मिलिसेकंदांतच परततो, म्हणजे वटवाघळाची स्वतःची हाक अजून चालूच असते. मोठ्या आवाजाखाली तो बारीक प्रतिध्वनी दबून जातो. म्हणून ते जवळ येता येता हाक आखडती घेतं. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये ती आधी ३ मिलिसेकंदांवर येते आणि खर्रर्रमध्ये जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदावर. अर्ध्या मिलिसेकंदाच्या हाकेने नऊ सेंटीमीटरवरचा किडासुद्धा वेगळा ऐकू येतो.

हाकांमधलं अंतरही त्याच ओघात घटतं: ६०, ४०, २५, १५, मग १०, शेवटी ६. सेकंदाला १६० च्या वर हाका! याचं कारण उडण्याच्या वेगात आहे. सेकंदाला पाच मीटर धरले, तर ९० मिलिसेकंदांत ते ४५ सेंटीमीटर पुढे सरकतं. लांबच्या किड्यासाठी एवढी ढिलाई चालते, पण तोंडाशी आलेला किडा मधल्या काळात कुठल्या कुठे जाईल. ६ मिलिसेकंदांत ते फक्त तीन सेंटीमीटर सरकतं. मग सुरुवातीपासूनच इतक्या घाईने का ओरडत नाही? कारण आधीच्या हाकेचा लांबून येणारा प्रतिध्वनी परतायच्या आत पुढची हाक दिली, तर कोणता प्रतिध्वनी कुणाचा हे कळणं अवघड होतं.

खर्रर्रच्या शेवटच्या भागात अजून एक गोष्ट दिसते आणि मला ती सगळ्यांत आवडते. आवाजाची पट्टी ४० वरून घसरून २५ किलोहर्ट्झच्या आसपास येते. खालच्या पट्टीचा झोत जास्त रुंद पसरतो. अगदी जवळचा पतंग ऐनवेळी बाजूला वळला, तरी तो झोताबाहेर जात नाही.

या घसरणीनेच माझी मोठी चूक सापडली. पहिल्या आठवड्यात मी २३ झेपा मोजल्या होत्या आणि खुशीत सगळ्या शिकार म्हणून लिहिल्या. परवा पुन्हा आलेख उघडले, तर त्यातल्या नऊ ठिकाणी वेग वाढतो पण पट्टी खाली येतच नाही. पाणी पिताना वटवाघळं पृष्ठभागाशी येऊन असाच खर्रर्र करतात, पण त्याला शेवटचा घसरता भाग नसतो. पाण्याला कुठे पळून जायचंय? तलावाच्या काठावर रेकॉर्डर लावणाऱ्यांनी आपल्या जुन्या नोंदी या नजरेने एकदा तपासाव्यात. उरलेल्या १४ मी 'झेप' म्हणूनच लिहिल्यात, 'शिकार' नाही, कारण घास तोंडात पडला का हे नुसत्या खर्रर्रवरून ठरत नाही.

दुसरी अडचण रातकिड्यांची. पाऊस झाल्यापासून त्यांचा कर्कश पट्टा २५ च्या भोवतीच बसतो आणि नेमकी घसरण झाकतो. काल रेकॉर्डर गवतापासून उचलून दोन मीटर उंच काठीवर बांधला, पट्टा बराच फिका झाला. शुक्रवारी तोच रस्त्याच्या दिव्याखाली लावतो. तिथे पाणी नाही, त्यामुळे पिण्याचा गोंधळ नसेल.