एकच घाट, तीन वेळा, तीन वेगळे ब्रेक पॅड

पहिल्यांदा तो घाट उतरलो तेव्हा गाडीत आम्ही पाच जण होतो, डिकी सामानानं भरलेली आणि पुढच्या चाकांना ऑर्गॅनिक पॅड. घाटाची लांबी 12 किलोमीटर आणि वरून खालपर्यंतचा उतार 800 मीटर. रस्ता चांगला, वळणं मोठी, म्हणून मी चौथ्या गिअरमध्येच होतो आणि उजवा पाय ब्रेकवर हलकासा ठेवून वेग 40 च्या आसपास राखत होतो. सात-आठ किलोमीटर उतरलो असू, तेवढ्यात शेजारी बसलेला धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, काहीतरी जळाल्यासारखा वास येतोय."

मी खिडकी खाली केली. उग्र, प्लॅस्टिक आणि डिंक एकत्र जळावा तसा वास. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर पेडल नेहमीसारखंच कडक लागलं, गाडीचा वेग मात्र कमी होईना. आणखी जोर दिला, पेडल तितकंच कडक, परिणाम निम्मा. तिसरा टाकला, मग दुसरा; इंजिन ओरडलं आणि गाडी आवरली. वळणानंतर बाजूला मोकळी जागा होती, तिथे गाडी घेतली. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावले आणि पेडलवरचा पाय काढला. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरले की त्या जागी पॅडचा थर डिस्कला चिकटून बसतो आणि मग ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं, हे मला माहीत होतं. भाऊ पाण्याची बाटली घेऊन उतरला, त्याला तिथेच थांबवलं. लाल-निळ्या झालेल्या बिडाच्या डिस्कवर गार पाणी पडलं तर तिला तडा जाऊ शकतो.

घरी आल्यावर चाकं काढली. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकत होता, नखानं ओरखडाही उठेना. कडेचा थोडा भाग भुसभुशीत होऊन हाताला लागत होता. मेकॅनिकनं डिस्कवरचे निळसर डाग दाखवले आणि म्हणाला, "पॅड ग्लेझ झालेत. कागद मारून चालवू नका, आतूनही भाजलेत."

ऑर्गॅनिक पॅड म्हणजे अ‍ॅरामिड, काच किंवा सेल्युलोजचे तंतू, रबर आणि भराव, आणि हे सगळं बांधून ठेवणारं फिनॉलिक रेझिन. हे रेझिन साधारण 300 अंशांच्या पुढे विघटित व्हायला लागतं. त्यातून निघणारा वायू पॅड आणि डिस्कच्या मध्ये पातळ थरासारखा अडकतो आणि घर्षण एकदम कमी होतं. म्हणून पेडल कडक राहतं: तेल, पिस्टन, दाब सगळं ठीक असतं, फक्त घासायला हवं ते घासत नाही.

शहरात मात्र हेच पॅड मला दोन वर्षं अगदी नीट वाटले होते. 1500 किलोची भरलेली गाडी 40 च्या वेगावरून थांबवली की साधारण 93 किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. पुढच्या एका डिस्कच्या वाट्याला तिच्या तिसऱ्या भागाहून थोडी जास्त येते. डिस्क पाच किलोची धरली तर एका थांब्याला ती जेमतेम 15 अंशांनी तापते आणि पुढच्या सिग्नलपर्यंत त्यातलं बरंच वाऱ्यावर जातं. घाटाचा हिशेब वेगळा आहे. 800 मीटर उतरताना तीच गाडी जवळजवळ 11.8 मेगाज्यूल ऊर्जा सोडते, म्हणजे शहरातले सव्वाशे थांबे सलग, मध्ये विसावा नाही. त्यातला सुमारे पाव भाग टायर आणि हवा खातात. उरलेला इंजिननं रोखला नाही आणि डिस्क अजिबात गार झाली नाही असं धरलं, तर ती 1300 अंशांच्या वर जाईल. खरं तर वारा तिला सतत गार करत असतो. तरी त्या आकड्यावरून कळतं की घाटात गाडी रोखायचं काम कोणावर टाकायचं.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी सेमी-मेटॅलिक पॅड घातले. यांत वजनाच्या साधारण 30 ते 65 टक्के धातू असतो: स्टीलचे तंतू, लोखंडाची पूड, काही पॅडमध्ये तांबं, आणि सोबत ग्राफाइट. रेझिन यांतही असतंच, पण धातूमुळे उष्णता पृष्ठभागावर साचत नाही, आत पसरते. उष्णतेत पकड टिकते ती यामुळे.

नवे पॅड घातल्यावर बेडिंग केलं. मोकळ्या रस्त्यावर 60 च्या वेगावरून 10 पर्यंत मध्यम जोरानं ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, असं आठ-दहा वेळा. मग पाच-सहा किलोमीटर ब्रेकला हात न लावता गार करणं. यात पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो आणि पहिल्या तापण्यात निघायचा वायू शहराबाहेरच्या सपाट रस्त्यावर निघून जातो. हे न करता नवे पॅड घेऊन थेट घाटात उतरलं तर पॅड कितीही चांगला असो, तो पहिल्याच उतारावर फसू शकतो.

पुन्हा तोच घाट, तेवढीच माणसं. पॅडची पकड शेवटपर्यंत तशीच होती, वासही आला नाही. पण दहाव्या किलोमीटरला पेडल दाबलं तर ते नेहमीच्या जागी न थांबता आणखी खाली गेलं, स्पंजवर पाय ठेवावा तसं. पटापट तीनदा दाबल्यावर दाब आला आणि ब्रेक लागला. पहिल्या गिअरमध्ये उरलेला उतार उतरलो. चाळीस मिनिटं थांबलो तर पेडल पुन्हा कडक! ही गोष्ट मला फार धोक्याची वाटते, कारण त्या क्षणी कोणालाही वाटेल की काही झालंच नव्हतं.

झालं होतं ते ब्रेक ऑइलला. मी ते तीन वर्षं बदललं नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 3 तेल नवं असताना किमान 205 अंशांपर्यंत उकळू नये असं प्रमाण आहे, ओल शोषल्यावर ती मर्यादा 140 पर्यंत खाली येते; डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. सेमी-मेटॅलिक पॅड उष्णता चांगली वाहून नेतो, ती डिस्कवरून पॅडमध्ये, पॅडमधून पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून तेलात जाते. तेलाला उकळी फुटली की वाफेचा बुडबुडा होतो. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं. गार झाल्यावर वाफेचं पुन्हा तेल होतं आणि पेडल साळसूदपणे कडक लागतं. पहिल्या खेपेला पॅड हरले होते, दुसऱ्यांदा पॅड जिंकले आणि त्यांनीच उष्णता तेलापर्यंत पोचवली. फरक पायाला लगेच कळतो: पेडल कडक आणि गाडी थांबत नाही तर पॅड, पेडल मऊ आणि खोल जातंय तर तेल.

शहरात सेमी-मेटॅलिकनं मला थोडा त्रास दिला, हेही सांगायला हवं. सकाळी निघाल्यावर पहिल्या दोन-तीन ब्रेकला पकड कमी लागायची, पॅड थोडा तापल्यावर खरा कामाला लागायचा. सिग्नलजवळ हळू थांबताना किरकिर व्हायची. चाकांवर काळी पूड बसायची, पावसात भिजून वाळली की तिचे गंजाचे ठिपके रिमवर पक्के होत. डिस्कही जास्त झिजते. दीड वर्षानं पॅड काढले तेव्हा डिस्कवर बारीक गोल चर बोटाला जाणवत होते.

तिसऱ्या वेळी सिरॅमिक पॅड आणि ताजं डॉट 4 तेल. सिरॅमिक हे नाव ऐकून महागड्या स्पोर्ट्स गाड्यांच्या कार्बन-सिरॅमिक डिस्क आठवतात, आणि त्या भरवशावर बरेच जण हे पॅड घाटासाठी घेतात. रस्त्यावरच्या गाड्यांचे सिरॅमिक पॅड म्हणजे सिरॅमिकचे तंतू, भराव आणि तेच रेझिन. बिडाच्या साध्या डिस्कवर चालणारे. शहरात यांच्यासारखं सुख नाही. गार असतानाच नीट पकड, आवाज जवळपास नाही, पूड फिकट आणि कमी.

घाटात या वेळी सुरुवातीपासून दुसऱ्या गिअरमध्ये होतो. आधुनिक इंजिन गिअरमध्ये उतरताना इंधन तोडतं, त्यामुळे न्यूट्रल करून काही वाचत नाही, उलट सगळा भार ब्रेकवर येतो. वेग वाढू लागला की एकदा ठाम ब्रेक, 40 वरून 25 पर्यंत, आणि पाय पूर्ण बाजूला. एकूण उष्णता यामुळे फारशी घटत नाही, ती घटते गिअरमुळे. पण मधल्या सेकंदांत पॅडच्या पृष्ठभागाला हवा मिळते आणि दर वेळी पेडल कुठे थांबतं ते पायाला कळत राहतं.

सहाव्या किलोमीटरला थांबून इन्फ्रारेड थर्मामीटर लावला. चकाकत्या डिस्कवर तो खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो, म्हणून मी डिस्कच्या गंजट कडेवर नेम धरतो. नंतर एकदा सेमी-मेटॅलिक घालून, याच गिअरमध्ये, याच जागी मोजलं होतं. सिरॅमिकच्या वेळी डिस्क जास्त तापलेली निघाली आणि पिस्टन ज्यात बसतो तो कॅलिपर कमी. सिरॅमिक उष्णता आत घेत नाही, तेल सुरक्षित राहतं, पण उष्णता डिस्कवर साचते. मोजून उतरलं तर चालतं. कोणी भरलेली गाडी रोज लांब उतारावर नेत असेल, मागे ट्रेलर जोडत असेल, तर मी त्याला सेमी-मेटॅलिकच सांगेन, आवाज आणि पूड सोसून.

पॅडच्या कडेवर छापलेली दोन अक्षरंही त्या दिवशी भावाला दाखवली. पहिलं अक्षर साध्या तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. 'ई' म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, 'एफ' म्हणजे 0.35 ते 0.45, 'जी' म्हणजे 0.45 ते 0.55. 'एफई' छापलेला पॅड तापल्यावर एक पायरी उतरतो. 'एफएफ' असेल तर निदान त्या चाचणीत तो टिकला आहे. माझ्या जुन्या, भाजलेल्या ऑर्गॅनिक पॅडचा एक तुकडा मी ठेवला होता. गॅरेजमधल्या दिव्याखाली धरून भावानं त्याची कड वाचली. त्यावर 'एफई' होतं.