आमची वाटचाल: ३६०, ४२० आणि ५०६

सोसायटीच्या सेक्रेटरींसाठी आम्ही दर शुक्रवारी ईमेलवर एक पत्र पाठवतो. डीम्ड कन्व्हेयन्स, बिनभोगवटा शुल्क, नॉमिनीची नोंद, ऑडिटरने काढलेले दोष आणि त्यांची दुरुस्ती, असले विषय. ज्यांनी कधी सोसायटीची मॅनेजिंग कमिटी चालवलीय त्यांना याची गरज सांगावी लागत नाही. सदाशिव पेठेत आमचं मूळचं डीटीपीचं काम. लॉकडाऊनमध्ये ते बसलं आणि २०२१ च्या जानेवारीत पत्र सुरू झालं. महिना २०० रुपये.

तेव्हा माझा एक भागीदार होता. कागदावर नव्हे, फर्म माझ्या एकट्याच्याच नावावर होती. पण निम्मं डोकं त्याचं. त्याने पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहिलं: महिन्याचा खर्च ७२ हजार, वर्गणी २००, म्हणजे ३६० वर्गणीदार झाले की आपला खर्च भरून निघाला. त्या ७२ हजारांत सहसंपादकाचा पगार, जागेचं भाडं, अंक वाचून देणाऱ्या वकिलांचं मानधन, सीए मॅडमची फी आणि माझे स्वतःचे ३० हजार धरले होते. माझे ३० हजार धरायचे यावर मी अडून बसलो, आणि ते बरोबरच होतं. मालकाने फुकट राबायचं आणि धंद्याचा खर्च सुटला म्हणायचं, हा हिशोब पुण्यात घरोघरी चालतो.

फळ्यावरच्या ३६० वर मात्र माझा विश्वास बसेना. वर्गणीदाराने दिलेले २०० आणि बँकेत पडणारे २०० एक नव्हेत. ज्या प्लॅटफॉर्मवरून पत्र जातं आणि वर्गणी गोळा होते त्याचं कमिशन १० टक्के, म्हणजे २० रुपये. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, ३ रुपये ६० पैसे. पेमेंट गेटवेचे २ टक्के, ४ रुपये. त्यावर पुन्हा जीएसटी, ७२ पैसे. आमची तेव्हा जीएसटी नोंदणी नव्हती, त्यामुळे या जीएसटीची वजावट मिळण्याचा प्रश्नच नव्हता. एकूण १४.१६ टक्के वाटेत गळणार आणि माणशी हातात पडणार १७१ रुपये ६८ पैसे. एक्सेलच्या एका चौकटीत मावणारं सूत्र आहे, मी आजही तेच वापरतो:

```
=ROUNDUP(72000/(200*(1-0.1416)),0)
```

उत्तर ४२०. सीए मॅडमना आकडा सांगितला तर त्या हसल्या, म्हणाल्या, "पाटीवर लिहू नका हो कुठे." पण खरा आकडा तोच होता. ROUNDUP का, तर ४१९.४ माणसं वर्गणी भरत नाहीत.

इन्कम टॅक्सची भीती सगळ्यांना वाटते, पण ना नफा ना तोटा या रेषेवर तो आडवा येत नाही. तो नफ्यावर असतो. एकट्याच्या फर्ममध्ये मालकाचा पगार कायद्याने खर्च धरला जात नाही, तो नफाच. तरी वर्षाचे ३ लाख ६० हजार कलम ८७अ च्या सवलतीत बसत होते, कर शून्य. व्यवसाय कराचे वर्षाला अडीच हजार तेवढे खर्चात धरलेले होते.

सप्टेंबर २०२१ अखेर आमच्याकडे ४६८ वर्गणीदार होते. ४२० च्या वर, निवांत. १ ऑक्टोबरपासून कार्डावरून आपोआप पैसे कापण्याचे रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले. कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना, आणि जुनी संमती ओटीपी देऊन नव्याने नोंदवायची. नियम ग्राहकाच्या भल्याचा होता, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आमच्या प्लॅटफॉर्मबद्दल आहे. त्यांना महिनोन्महिने आधी माहीत असून त्यांनी आम्हाला एक ओळ कळवली नाही.

महिनाअखेर ३३१ उरले. ३३१ गुणिले १७१.६८ म्हणजे ५६ हजार ८०० च्या आसपास. पंधरा हजारांचा खड्डा, आणि तो माझ्याच ३० हजारांतून भरायचा. भागीदाराने लगेच निदान केलं: मजकूर जड झालाय, लोक सोडून चाललेत, वर्गणी कमी करू. मी गेटवेचा रिपोर्ट उघडला. त्यात दोन वेगळ्या नोंदी असतात: ग्राहकाने स्वतः बंद केलेली वर्गणी आणि बँकेने नाकारलेला व्यवहार. १३७ पैकी स्वतःहून गेलेले अकरा. बाकी सगळे बँकेने नाकारलेले, आणि त्यातले बरेचसे आमचं शुक्रवारचं पत्र तेव्हाही उघडून वाचत होते. असा माणूस नाराज नसतो, त्याला पैसे गेले नाहीत हेच माहीत नसतं. त्याच्यासाठी वर्गणी उतरवायची म्हणजे जो जायला निघालाच नाही त्याला आहेर करायचा.

आम्ही फोन लावले. एकेकाला यूपीआय ऑटोपेवर आणलं, ज्यांना ते नको त्यांना वर्षाची वर्गणी भरायला सांगितलं. फेब्रुवारीपर्यंत पुन्हा ४२० ओलांडले.

या काळात कोथरूडचे एक सेक्रेटरी काका दर शनिवारी ऑफिसात येऊन बसत. वर्गणी भरायची त्यांची पद्धत म्हणजे वर्षाचे २,४०० रुपये चेकने, चेकच्या मागे सोसायटीचं नाव आणि फ्लॅटची संख्या लिहिलेली. मी त्यांना एकदा सांगितलं, काका, आमच्या सगळ्या वर्गणीदारांत पूर्ण पैसे फक्त तुमचेच येतात. ते म्हणाले, "मग बाकीच्यांनाही चेकबुक काढायला सांगा." चहा मात्र बिनसाखरेचा. काकांनी आपल्या ओळखीच्या चौदा सोसायट्या आणून दिल्या, त्यातल्या बारा अजून आहेत.

भागीदार २०२२ च्या एप्रिलमध्ये बाहेर पडला आणि त्याने स्वतःचं पत्र काढलं. विषय तेच, मथळ्यांची ढब तीच, आमचा नमुना ठरावसुद्धा स्वल्पविरामासकट तोच. वर्गणी ४९ रुपये. आमच्यासारखाच खर्च धरला तर ४९ मधून १४.१६ टक्के जाऊन ४२ रुपये ६ पैसे उरतात आणि आकडा होतो १,७१२. पुण्यातल्या सेक्रेटरींचं वाचन मला माहीत आहे, एवढे पैसे देणारे आणायला त्याला काही वर्षं लागली असती. त्याने तोड काढली: वर्षाचे ४९९ एकदम घ्यायचे. पहिल्याच महिन्यात खात्यात भरपूर जमा, आणि सगळीकडे बोलबाला की याचा धंदा सुटला, सदाशिव पेठवाले मागे पडले.

आता यात न कळण्यासारखं काय आहे? वर्षाची वर्गणी ज्या दिवशी येते त्या दिवशी ती कमाई नसते. त्यातला बारावा भाग या महिन्याचा, बाकीचे अकरा हे वाचकाचं आपल्यावरचं देणं. ४९९ चे महिन्याला ४१ रुपये ५८ पैसे होतात, तेही प्लॅटफॉर्मचा वाटा जाण्याआधी. त्याने सगळे एप्रिल-मेमध्येच वापरले. जानेवारीत पत्र बंद. त्याचे वाचक परतावा मागायला माझ्याकडे आले, कारण त्यांच्या लेखी आम्ही दोघे अजून एकच होतो! मी त्यांना उरलेले महिने आमचं पत्र फुकट दिलं. त्याबद्दल त्याचा आजवर एक फोन नाही.

तुम्ही वार्षिक वर्गणी घेत असाल तर दुसरं बँक खातं काढा आणि दर महिन्याला बारावा भागच इकडे आणा. विचारलं नाहीत, तरी सांगतो.

त्याच आर्थिक वर्षात डीटीपीचं काम परत आलं, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन्ही मिळून उलाढाल २० लाखांच्या वर गेली. नवे लोक इथे फसतात. सेवांसाठीची २० लाखांची मर्यादा एका पॅनवरच्या सगळ्या उलाढालीला लागते, पत्राला वेगळी आणि डीटीपीला वेगळी नाही. नुसत्या पत्राला ती ओलांडायला ८३४ वर्गणीदार लागले असते. तीस दिवसांत नोंदणी करावी लागली. छापील वर्तमानपत्राला जीएसटी नाही, पण ईमेलवरच्या पत्राला १८ टक्के. छोट्या सेवादारांची ६ टक्क्यांची कंपोझिशन योजना घ्यावी म्हटलं, तर तिला राज्याबाहेर विक्री चालत नाही आणि आमचे वाचक बेळगाव, इंदूर, वडोदऱ्यातही.

वर्गणी २०० च ठेवली असती तर? त्यातले ३० रुपये ५१ पैसे सरकारचे, आपले १६९.४९. प्लॅटफॉर्म मात्र आपले १० टक्के पूर्ण २०० वर घेतो, म्हणजे मी भरणार त्या करावरही त्याचं कमिशन! यावर मी त्यांना तीन पानी ईमेल लिहिला, उत्तर दोन ओळींचं आलं. आता कमिशनवरच्या जीएसटीची वजावट मिळते, म्हणून २० आणि ४ एवढेच वजा. हातात १४५.४९. रिटर्न भरण्यासाठी सीए मॅडमचे दीड हजार वाढले, खर्च ७३,५००. आकडा ५०६. त्या महिन्यात आमच्याकडे ४५५ होते. एकही वर्गणीदार गेला नाही आणि आम्ही तोट्यात.

मी २०० अधिक जीएसटी, म्हणजे २३६ मांडून पाहिले. प्लॅटफॉर्मचे २३.६०, गेटवेचे ४.७२, कराचे ३६. उरतात १७१.६८. पहिल्या दिवशीचाच आकडा, पैशासकट! पूर्वी कमिशनवर जीएसटी भरत होतो, आता जीएसटीवर कमिशन भरतो, टक्केवारी तीच. ७३,५०० ला त्याने भागलं की ४२९. म्हणजे ३६ रुपये वाढवून २६ वर्गणीदार गेले तरी चालणार होतं. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "२३६ घ्या, पण पावतीवर सोसायटीचा नंबर नीट घाला, आम्ही वजावट घेतो." जीएसटी नोंदणी असलेल्या सोसायटीला ते २०० लाच पडतं, हे मला त्यांनीच लक्षात आणून दिलं. १९ जणांनी बंद केलं. ४३६ उरले.

त्यानंतर २०२३ च्या उरलेल्या महिन्यांत आणि २०२४ मध्ये सांगण्यासारखं काही घडलं नाही, पत्र शुक्रवारी जात राहिलं.

प्लॅटफॉर्म सोडून स्वतःची साइट आणि नुसता गेटवे, असा सल्ला मला दर आठवड्याला कोणीतरी देतं. सर्व्हर, पत्र पाठवण्याचं भाडं आणि बिघाडाला धावून येणारा मुलगा मिळून महिना ८ हजार जास्त लागतील. वाचतील माणशी २३.६०. ३३९ वर्गणीदारांच्या वर ते परवडतं, आणि आम्ही त्याच्या बरेच वर आहोत. तरी मी अजून हललेलो नाही, कारण साइट बदलली की प्रत्येक ऑटोपेची संमती पुन्हा घ्यावी लागते, आणि ऑक्टोबर २०२१ मी पाहिलेला आहे. नवे वर्गणीदार तेवढे जूनपासून स्वतःच्या गेटवेवर घ्यायला सुरुवात केलीय. जुने आहेत तिथेच राहतील, आणि काका चेकवर.