सलामी

दुपारचं जेवण झालं की काका लिचेस या साइटवर ऑनलाइन बुद्धिबळ खेळायला बसतात. परवा त्यांनी एका बोटानं अक्षरं शोधत समोरच्याला लिहायला घेतलं, "Namaskar from Kolhapur, how are you". वाक्य पुरं होईस्तोवर डावच रद्द! "काय माणसं बघ, साधा नमस्कार घ्यायला तयार न्हाईत," काका म्हणाले.

पळालं कुणीच नव्हतं. तिथं दोघांची पहिली चाल होईपर्यंत घड्याळ पळत नाही खरं, पण ती ठरावीक वेळात केली नाही तर डाव आपोआप मोडतो. पांढरी मोहरी काकांची होती, म्हणजे चालही त्यांचीच.

म्हणून तर चॅटच्या खाली सुरुवातीला HI, GL, HF, U2 अशी बटणं असतात. GL दाबलं की "Good luck", HF दाबलं की "Have fun" असं अख्खं वाक्य जातं. उत्तरात U2, म्हणजे "तुम्हालाही", आलं तर आलं, नाहीतर शांतता. त्या शांततेचा राग धरू नये. तीन मिनिटांच्या डावात कुणाला फुरसत असते? आणि समोरच्यानं झेन मोड लावला असेल, तर त्याला पटापलीकडचं काही दिसतच नाही, आपला नमस्कारसुद्धा.

लहानपणी आजोबा खासबागेत कुस्त्या बघायला न्यायचे. गडी मैदानात उतरायचे, मूठभर माती एकमेकांच्या हातावर द्यायचे, सलामी झडायची आणि पुढच्या क्षणाला माना गुंतलेल्या. कुठनं आलास, कसा हायस, काही नाही. माझं सगळं लक्ष तेव्हा भुईमुगाच्या शेंगांवर, ती गोष्ट वेगळी.

डाव संपल्यावर मात्र जरा जपावं. GG, म्हणजे "good game", आधी हरलेल्यानं म्हणावं. जिंकणाऱ्यानं घाईनं दाबलं की ते झोंबतं, आणि टोळीनं खेळायच्या गेममध्ये कुणी "gg ez" लिहिलं तर ती सरळ खिजवणूकच. "लई सोपं गेलं तुम्हाला हरवणं" असा त्याचा अर्थ.

छंदाच्या ग्रुपवर सगळं उलटं. काकूंनी गुलाबवाल्यांच्यात "हॅलो, मी नवीन" एवढंच टाकलं, दोन अंगठे आले आणि विषय संपला. मग त्यांनी पानांवर काळे ठिपके पडून ती पिवळी होऊन गळतायत असं लिहिलं, फोटो जोडला. लगेच विचारणा सुरू: पाणी पानांवर ओतता का? रात्री घालता का? कुंड्या चिकटून ठेवल्यात का? स्वागत कुणीच म्हणालं नाही, पण संध्याकाळपर्यंत काकू तिथल्याच झाल्या होत्या.

काका आता बटणं दाबायला शिकलेत. मी स्वतः फक्त HI दाबतो. GL कधीच नाही. नशीब त्याच्या बाजूनं गेलं तर हरणार मी, एवढा मोठेपणा आपल्याकडं नाही बाबा.